कचरा रोज उचलला जातो, तरी शूटमधून माश्या आणि खाली उंदीर का?

निवडुंग
आमची इमारत अकरा मजली आहे, चव्वेचाळीस घरं. मधल्या पॅसेजमध्ये कचऱ्याची शूट आहे आणि ती तळमजल्यावरच्या खोलीत २४० लिटरच्या चाकाच्या डब्यात उघडते. डबे दोनच. शूटमधून फक्त ओला कचरा टाकायचा असा नियम आहे, सुका वेगळा जातो. गाडी रोज सकाळी आठला येते, रविवारी येत नाही. दर महिन्याला औषध फवारणी होते. तरी दुसऱ्या ते चौथ्या मजल्यावर शूटच्या दाराभोवती माश्या असतातच, शिवाय काही बारीक काळपट, पंखांवर लव असलेल्या माश्या भिंतीला चिकटून बसलेल्या दिसतात. खालच्या खोलीत रात्री उंदीर फिरतात, लेंड्या बोटाच्या पेराएवढ्या. पुढच्या बैठकीत 'शूट कायमची बंद करा' असा ठराव येतोय. त्याआधी विचारतो, नेमकं चुकतंय कुठे?

खडूफळा
फवारणी महिन्याने नाही, पंधरा दिवसांनी करून घ्या. शूटमध्ये वरून आठवड्यातून एकदा बादलीभर ब्लीच ओता, आणि खोलीत चारही कोपऱ्यांत विषाच्या वड्या ठेवा. दोन्ही त्रास एकदम जातात. कचरा रोज जातोय म्हणजे बाकी काही चुकलेलं नाही.

देवराई
खडूफळा, शेवटच्या वाक्याचं उलटं बघायला हवं. माशीने अंडी घातली की उबदार हवेत ती दिवसभरात फुटतात, अळी चार-पाच दिवस खाते, मग कोष करते. अंड्यापासून उडणारी माशी व्हायला कमीत कमी आठवडा लागतो. जो कचरा चोवीस तासांत गाडीत गेला, त्यातली अंडी गाडीबरोबर गेली. तेव्हा निवडुंग, तुमच्याकडच्या माश्या रोजच्या कचऱ्यात तयार होत नाहीत. आठवडाभर जागचं न हललेलं काहीतरी ओलं आहे, त्यात होतात. डब्यातला कचरा सोडा, तो थर शोधा.

अशा इमारतीत तो बहुतेक तीन जागी सापडतो. शूटच्या दाराच्या आत, जिथून पिशवी घसरते त्या उतरत्या पत्र्यावर आणि त्याच्या खालच्या हातभर भागात. डब्याच्या तळाशी, आणि डबा जिथे उभा असतो त्या फरशीवर. आणि मोरीच्या जाळीखाली.

आता सांगा: शूट आतून शेवटची कधी घासली? धुतली नाही, घासली. रविवारी डबा कोण बदलतो? आणि खोलीच्या कोपऱ्यांत, पायपुसण्याखाली, दाराच्या चौकटीत तपकिरी, सहा-सात मिलीमीटरच्या, दोन्ही टोकांना गोल अशा गोळ्या दिसतात का?

निवडुंग
दिसतात! सफाईवाल्या ताईंनी दाखवल्या, कसल्या तरी बिया असतील असं सगळ्यांना वाटत होतं. दारामागे ओंजळभर निघाल्या. शूट वरून पाइप लावून धुतात, महिन्यातून एकदा. घासत कोणीच नाही. रविवारी डबा कोणी बदलत नाही, कारण गाडीच नसते.

देवराई
त्या बिया नाहीत, माशीचे कोष आहेत. अळी ओल्यात वाढते पण कोष करायला कोरडी जागा शोधत सरपटत जाते, कधी कधी काही मीटरसुद्धा. म्हणून कोष सापडले तिथे माशी वाढत नसते, तिथून जवळच्या ओल्या जागी वाढत असते. दारामागे ओंजळभर म्हणजे मूळ त्याच खोलीत आहे, आणि वरच्या मजल्यांवरच्या मोठ्या माश्या बऱ्याचशा खालूनच शूटमधून वर येतात. अखंड कोष म्हणजे आत माशी आहे, टोक उघडलेले म्हणजे ती निघून गेली. ते झाडून मोरीत लोटू नका, पिशवीत बंद करून सकाळच्या गाडीत द्या.

आता रविवारचा हिशोब. घरटी रोजची ओल्या कचऱ्याची पिशवी सरासरी तीन लिटर धरू. चव्वेचाळीस घरांची होते १३२ लिटर. शनिवारी आठला डबा रिकामा झाला, रविवारी आठला १३२, सोमवारी आठला २६४. डबा २४० चा. पण खरी अडचण आधीच सुरू होते. शूटमधून पडणारा कचरा डब्यात सपाट पसरत नाही, मध्ये ढीग होतो आणि पिशव्या कडेने घरंगळतात. त्यामुळे डब्याचा साधारण सत्तर टक्केच भाग कामी येतो, म्हणजे १६८ लिटर. ही पातळी रविवारी दुपारनंतर गाठली जाते. त्यानंतर रात्रभर पडतं ते एकतर फरशीवर, नाहीतर ढीग शूटच्या तोंडाला टेकून नळीतच अडकतं. सोमवारी डबा ओढला की अडकलेलं धबकन खाली येतं, पिशव्या फुटतात, आणि त्याचं पाणी डब्याखाली जातं. तो थर इथून भरत राहतो.

उपाय साधा आहे. रविवारी सकाळी डबा बदलायचा. भरलेला पहिला डबा झाकण लावून बाजूला, रिकामा दुसरा शूटखाली. गाडी नसली तरी डबा बदलायला गाडी लागत नाही. सोमवारी दोन्ही जातात.

साळुंकी
मी सफाईचं काम बघते, चार इमारतींचं. देवराईंचं बरोबर आहे, पण डबा बदलताना होतं काय ते सांगते. भरलेला २४० चा डबा जड असतो, एकट्या बाईने ओढताना तो तिरका होतो, आणि नवा डबा शूटच्या बरोबर खाली बसत नाही. बोटभर सरकलेला असला तरी निम्म्या पिशव्या काठावर आपटून फुटतात. फरशीवर रंगाने चौकोन काढला तर महिन्यात पुसला जातो. दोन लोखंडी अँगल फरशीत ठोकून घ्या, डब्याची चाकं मागे जाऊन त्यांना टेकली की डबा आपोआप जागेवर. आणि शूटच्या तोंडाला जाड रबराची झालर, डब्याच्या काठाच्या आत चार बोटं जाईल एवढी. झालर पट्ट्या-पट्ट्यांची ठेवा, म्हणजे डबा ओढताना अडत नाही.

दुसरं, डब्याचं बूच. चाकाच्या डब्यांना तळाला पाणी काढायचं भोक असतं. बूच हरवतं आणि कोणी लक्ष देत नाही. त्यातून रात्रभर पाणी गळतं, आणि काही डब्यांचं भोक एवढं मोठं असतं की लहान उंदीर त्यातूनच आत शिरतो. तुमचे डबे आडवे करून बघा.

निवडुंग
बघितले. दोन्हींना बूच नाही. एकात फडकं कोंबलंय.

खडूफळा
बरं, कोषांचं मला माहीत नव्हतं. पण मी सांगितलेलं ब्लीच ओतायला काय हरकत आहे? जंतू तर मरतात ना?

देवराई
जंतू मरतात ते वरच्या वर. शूटच्या पत्र्यावर तेलकट, चिकट थर असतो, ब्लीच त्याच्या आत जात नाही, आणि कचऱ्याचा अंश लागला की ब्लीचचा जोर तिथेच संपतो. अळीला खालचा थर तसाच मिळतो. शिवाय पत्रा गंजतो, आणि गंजलेल्या खरखरीत पत्र्यावर कचरा अजून चिकटतो. टॉयलेट साफ करायच्या ॲसिडबरोबर किंवा अमोनिया असलेल्या साबणाबरोबर ब्लीच मिसळलं तर विषारी वायू होतो, आणि शूट म्हणजे तो वायू अकरा मजल्यांवर पोचवणारी नळी. त्यामुळे वरून बादलीने ओतणं नकोच.

क्रम असा ठेवा. आधी कोरडंच खरवडा. मग भांडी घासायच्या द्रव साबणाचं गरम पाणी लावून दहा मिनिटं मुरू द्या, लांब दांड्याच्या ताठ ब्रशने घासा, मग थोड्या पाण्याने धुवा. जंतुनाशक लावायचंच तर यानंतर, स्वच्छ पत्र्यावर, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात. प्रत्येक मजल्याचं दार आणि आतला उतरता पत्रा आठवड्यातून एकदा, हे तुमची माणसं पॅसेजमधून करू शकतात. मधली सगळी नळी फिरत्या ब्रशने घासायला बाहेरचे लोक लागतात, वर्षातून दोनदा पुरे. नुसता पाण्याचा फवारा मारला की थर सुटत नाही, भिजतो. महिन्याला तुम्ही तेच करताय, अळ्यांना ओल पुरवताय.

एक गोष्ट सगळ्यात आधी. दारातून आत हात घालून काम चाललं असताना वरून कोणीही काही टाकता कामा नये. काचेची बाटली सात मजल्यांवरून मनगटावर पडली तर काय होईल ते सांगायला नको. वरच्या सगळ्या दारांना कुलूप किंवा पट्टी, आणि डोकं आत घालायचं नाही, कधीच. खालच्या खोलीत डबा बदलतानाही शूटचं खालचं सरकतं दार आधी लावायचं.

अबोली
माझ्या बाल्कनीतल्या खताच्या डब्यात गेल्या आठवड्यापासून मोठ्या करड्या, चपट्या अळ्या झाल्यात. मीही गरम साबणाचं पाणी ओतू का? शूट नाहीये आमच्याकडे, पण प्रश्न माश्यांचाच आहे म्हणून इथे विचारलं.

साळुंकी
अबोलीताई, खतात साबण ओतू नका, खत मरेल. मोठ्या, चपट्या, करड्या म्हणजे बहुतेक काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. त्या कचरा फस्त करतात, आणि त्यांची मोठी झालेली माशी घरात अन्नावर बसायला येत नाही. किळस वाटत असेल तर कोरडा पाला किंवा भुसा जास्त घाला, ओल कमी झाली की त्या कमी होतात. पांढऱ्या, एका टोकाला निमुळत्या असतील तर मात्र त्या साध्या माशीच्या, मग वर दोन इंच कोरडा थर हवा आणि झाकणाला बारीक जाळी.

ध्रुवपद
निवडुंग, भिंतीवरच्या त्या बारीक लव असलेल्या माश्या म्हणजे चिलटं. फळांच्या सालींवर येतात ती. साली कागदात गुंडाळून टाकायला सांगा, संपेल.

देवराई
ध्रुवपद, साली कागदात गुंडाळण्याचा सल्ला चांगलाच आहे, पण चिलट पिवळसर-तपकिरी असतं, डोळे लालसर, आणि ते फळाभोवती घोंघावत राहतं. भिंतीला पंख पसरून, छोट्या पतंगासारखी चिकटून बसते आणि हात नेला तर जेमतेम फूटभर उडते ती मोरीमाशी. ती सांडपाण्याच्या नळीतल्या बुळबुळीत थरात वाढते, कचऱ्यात नाही. त्यामुळे कचऱ्याची कितीही शिस्त लावली तरी ती जाणार नाही.

खात्री करायला रुंद चिकटपट्टी घ्या. संध्याकाळी मोरीची जाळी कोरडी पुसा, पट्टी चिकट बाजू खाली करून जाळीवर लावा, पण सगळी झाकू नका, थोडी फट ठेवा म्हणजे हवा खेळते. अशी चार रात्री. खालून माश्या चिकटल्या तर मूळ तिथे आहे. एक रात्र रिकामी गेली म्हणून निकाल लावू नका. खोलीतली मोरी, आणि दुसऱ्या-चौथ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये मोरी असेल तर तीही तपासा.

उपाय पुन्हा घासण्याचाच. जाळी काढून नळीच्या आतल्या भिंती बाटलीच्या ब्रशसारख्या लांब ब्रशने, हात पोचेल तिथवर. आणि ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखाली पाणी धरून ठेवणाऱ्या वळणात, पाणी आहे का बघा. वापर नसलेल्या मोरीतलं पाणी सुकतं, मग खालच्या गटाराचा वास, झुरळं, माश्या सगळं सरळ वर येतं. आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतलं तरी तो पडदा टिकतो.

निवडुंग
हे करतो. वासाबद्दल पण एक: चौथ्या मजल्यावर वास सगळ्यात जास्त, खाली खोलीला लागून असलेल्या पहिल्यावर कमी. हे कसं?

देवराई
शूट ही धुराड्यासारखी चालते. आतली हवा उबदार, ती वर चढते आणि गच्चीवरच्या तोंडातून बाहेर पडायला हवी. ते तोंड बंद असलं, जाळीत पक्ष्यांचं घरटं असलं, किंवा पावसासाठी कोणी पत्रा ठोकला असला, तर ती हवा मजल्यांच्या दारांच्या फटींतून बाहेर येते. जिथलं रबर गेलंय तिथून जास्त. टिश्यू कागदाची बोटभर रुंद पट्टी बंद दाराच्या कडेला धरा. पट्टी पॅसेजच्या बाजूला उडाली तर शूट तुमच्याकडे श्वास सोडतेय, दाराकडे ओढली गेली तर ठीक. सगळ्या मजल्यांवर करून लिहून काढा. एकाच मजल्यावर बाहेर येत असेल तर त्या दाराचं रबर आणि बंद व्हायची स्प्रिंग बघा, तीन-चार मजल्यांवर असेल तर आधी गच्चीवर जा.

खडूफळा
उंदरांचं राहिलं. वड्या ठेवायच्या की नाही?

देवराई
आत्ता नाही. उंदराला दररोज ताजा ओला कचरा मिळत असताना तो वडी कशाला खाईल? त्यात नव्या वस्तूला तो बिचकतो, काही दिवस तिच्या बाजूने जातच नाही. आणि खाल्लीच, तर मरायला बहुतेक चार-पाच दिवस लागतात, तोवर तो शूटच्या मागच्या पोकळीत जाऊन पडतो. मग मेलेल्या उंदरावर माश्या. माझा क्रम अन्न, पाणी, वाट, आणि मग सापळा असा आहे.

अन्न: बूच, झाकण, रविवारचा डबा. पाणी: मोठ्या उंदराला रोज पाणी लागतं, म्हणून खोली सकाळी धुवायची, संध्याकाळी नाही. रात्री फरशी कोरडी हवी. वाट: बारा मिलीमीटरची फट उंदराला पुरते, सहा मिलीमीटरची घरातल्या छोट्या उंदराला. दाराखाली बोट गेलं तर फट मोठी. दाराच्या तळाला फूटभर उंचीचा जस्ताचा पत्रा आणि खाली ब्रशपट्टी, मोरीला सहा मिलीमीटरची लोखंडी जाळी स्क्रूने बसवलेली. भिंतीतून जाणाऱ्या पाइपांभोवती, आणि शूट स्लॅबमधून जाते तिथली कड, हे लोक विसरतात. तिथे स्टीलची जाळी कोंबून वर सिमेंट. नुसता फोम भरला तर तो कुरतडतो.

भोक बंद करण्याआधी त्यात चुरगळलेला कागद हलकाच कोंबून ठेवा. दोन-तीन रात्री कागद तसाच राहिला तर त्या वाटेने कोणी जात नाही, सिमेंट भरा. कागद बाहेर ढकललेला दिसला तर ती चालू वाट. तिच्या बाजूला, भिंतीला काटकोनात, चाप भिंतीकडे करून सापळे लावा, पहिले चार-पाच दिवस न ताणता, नुसतं आमिष घालून. खायला लागले की एका रात्री सगळे ताणायचे. चालू वाट शेवटी बंद करायची, आधी केली तर आतले आतच अडकतात आणि दुसरीकडे पोखरतात.

साळुंकी
यात मी एक घालते. रात्री दहानंतर शूटचं खालचं सरकतं दार लावून टाकायचं, सकाळी सहाला उघडायचं. रात्रभर डबा झाकण लावून बंद. उंदरांना रात्रीच खायला मिळालं नाही तर ते टिकत नाहीत. एका इमारतीत असंच चालवतो आम्ही.

देवराई
इथे माझं तुमच्याशी जुळत नाही. शूट सहाशे मिलीमीटर व्यासाची धरली तर मीटरभर उंचीत २८० लिटर मावतात. निवडुंग यांच्याकडे रात्री दहानंतर चौथा भाग जरी पडला तरी ३३ लिटर, म्हणजे वीतभरही चढत नाही. जागेची अडचण नाही. पण अकराव्या मजल्यावरची पिशवी लोखंडी दारावर पडली की फुटणारच, पाणी दाराच्या फटीतून गळणार आणि दाराच्या सरकपट्टीत रोज रात्री थर बसणार. म्हणजे रोज सकाळी ते दार घासणारं माणूस हवं. शिवाय ते आगीच्या वेळी आपोआप पडणारं दार असेल, तर त्याच्या उष्णतेने वितळणाऱ्या दुव्याला हात लावू नये. तारेने बांधून उघडं ठेवलेली अशी दारं जागोजाग दिसतात, ते तर धोक्याचंच.

साळुंकी
घासतो आम्ही रोज, म्हणून आमच्याकडे जमतं. माणूस नसेल तर दहानंतर मजल्यांची दारंच बंद ठेवा. पण अकरा मजल्यांवर कुलूप लावत फिरणार कोण, हाही प्रश्न आहेच.

ध्रुवपद
दारांना कुलूप लावलं की लोक पिशवी दाराबाहेर ठेवून देतात. मग उंदीर पॅसेजमध्ये येतील.

निवडुंग
बैठक रविवारी आहे. शूट बंद करण्याऐवजी आधी महिनाभर हे करून बघू असं मांडतो: दोन बुचं, अँगल, झालर, रविवारी सकाळी डबा बदलणं, आठवड्याला दारांच्या आतून घासणं. रात्रीच्या दाराचं मी अजून ठरवलेलं नाही, आमच्याकडे सकाळी सहाला कोणी नसतं.

कालच्या रात्रीची चिकटपट्टी काढली: खोलीतल्या मोरीवर सतरा, चौथ्या मजल्याच्या पॅसेजमधल्या मोरीवर नऊ, दुसऱ्यावर एकही नाही. चौथ्याच्या मोरीत बॅटरी मारून बघितलं तर ट्रॅप कोरडा ठणठणीत. टिश्यूची पट्टी पाचव्यापासून वर आत ओढली जाते, दुसऱ्या ते चौथ्यावर बाहेर उडते. गच्चीवर जाऊन आलो, तोंड मोकळं आहे. मग तीनच मजल्यांवर हवा बाहेर का?

देवराई
तोंड मोकळं असताना खालचेच मजले बाहेर फेकत असतील तर नळीत त्यांच्या वर कुठेतरी अडलेलं असू शकतं. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये शूटला वळण आहे का? मूळ नकाशात बघा. कुलपं लावून, खालचं दार बंद करून, पाचव्याच्या दारातून आरसा काठीला बांधून आत धरा आणि त्यावर बॅटरी मारा. गोल नळीच्या जागी काळा, चिकट, एका बाजूने फुगलेला कठडा दिसला तर तो थर आहे. तो तुमच्या माणसांनी काठीने ढोसायचा नाही, फिरत्या ब्रशवाल्यांना बोलवा. आरशात काय दिसलं ते इथे लिहा.